जपमाळेची लय

माळेवर जप करताना मंत्र, श्वास आणि मण्याची हालचाल यांचा जो मेळ बसतो, त्याला जपाची लय म्हणता येईल. मराठीत ‘माळ ओढणे’ म्हणतात. इंदूरच्या मराठीत हिंदीच्या शेजारामुळे ‘माळ फेरणे’ही कानी पडते.

नवख्याने आधी मंत्राची अक्षरे मोजावीत, कारण वेग त्यावरच ठरतो. ‘श्रीराम जय राम जय जय राम’ हा मंत्र तेरा अक्षरांचा आहे. सावकाश, ओठ हलवून पुटपुटत म्हटला, तर त्याला साधारण ४ सेकंद लागतात. एका उच्छ्वासात दोनदा म्हणावा, मग तोंड मिटून नाकाने अडीच सेकंद श्वास घ्यावा. श्वास रोखायचा नाही. असे दोन मणी साडेदहा सेकंदांत सरकतात. १०८ मण्यांचे ५४ श्वास होतात आणि माळ साडेनऊ मिनिटांत पुरी होते. जोड्या नेमक्या बसत असल्याने मेरुमणी श्वासाच्या शेवटीच हाताला लागतो. तो ओलांडत नाहीत, तिथून माळ उलट फिरवतात.

हा वेग मिनिटाला जेमतेम सहा श्वासांचा आहे. २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या एका इटालियन अभ्यासातही जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना आणि ‘ॐ मणि पद्मे हुम्’ म्हणणाऱ्यांचा श्वास आपोआप याच गतीला आला होता.

इंदूरमध्ये नाना महाराज तराणेकरांमुळे दत्तभक्ती घरोघरी पोचली आहे. तिथे ‘दिगंबरा दिगंबरा श्रीपाद वल्लभ दिगंबरा’ जपायचा असेल, तर वरचे गणित चालत नाही. अक्षरे अठरा आहेत. त्याच वेगाने एका वेळेला साडेपाच सेकंद जातात, आणि एका उच्छ्वासात दोन म्हणायला गेले की नवख्याचा दम दुसऱ्या ‘श्रीपाद’पाशी संपतो. म्हणून एका श्वासाला एकच मणी घ्यावा. माळेला चौदा-साडेचौदा मिनिटे लागतील, तेवढा वेळ काढूनच बसावे. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी राममंत्रही असाच, श्वासाला एक या हिशेबाने जपावा.

लय बिघडते ती बहुधा बोट जिभेच्या पुढे गेल्याने. राममंत्राची माळ चार मिनिटांत संपली, तर सेकंदाला सहा अक्षरे पडली, म्हणजे ‘जय जय’चे ‘जैजै’ झालेच. उपाय साधा आहे: मणी मधल्या बोटावर धरून ठेवायचा आणि शेवटचा ‘राम’ पुरता उमटल्यावरच अंगठ्याने ओढायचा. तर्जनी लावत नाहीत. तरीही दोन-दोन मणी निसटत असतील, तर दोष माळेचा असू शकतो. मण्यांमध्ये गाठी नसल्या किंवा दोरा ताणून ओवलेला असला, तर मणी एकमेकांना चिकटून पुढे जातात. मंत्राच्या मधेच श्वास ओढावा लागणे, जांभया येणे किंवा डोके हलके होणे या खुणा मात्र श्वासाच्या आहेत. तेव्हा माळ बाजूला ठेवून नेहमीसारखा श्वास घ्यावा, आणि पुन्हा बसताना श्वासाला एक मणी कमी करावा.

परंपरेत १०८ मण्यांचा जप शंभरच धरतात, वरचे आठ चुकीपोटी सोडतात. एखादा मणी निसटला म्हणून माळ पहिल्यापासून सुरू करण्याची गरज त्यामुळे पडत नाही.