पीएस फोर घेताय? आधी मागचं स्टिकर वाचा

सेकंडहँड पीएस फोर, म्हणजे सोनीचा गेमिंग कन्सोल, बघायला गेलं की एक जाहिरात हमखास दिसते, "पीएस फोर प्रो, १ टीबी, एकदम नवीन कंडिशन", फोटोत काळा चपटा डबा, आणि मागच्या स्टिकरचा फोटो मागितला की त्यावर CUH-2216B लिहिलेलं असतं. तो जास्त ताकदीचा प्रो नाहीये, मूळ पीएस फोरचीच बारीक आवृत्ती, म्हणजे स्लिम आहे. दरवेळी विकणारा फसवतच असतो असं नाही, बऱ्याच जणांना खरंच वाटतं की १ टीबी म्हणजे प्रो. पण हार्ड डिस्कचा आणि प्रो असण्याचा काही संबंध नाही.

तो नंबर कसा वाचायचा ते बघा. CUH नंतरचा पहिला आकडा म्हणजे घराणं: १ असेल तर २०१३ चा मूळ जाड पीएस फोर, २ म्हणजे स्लिम, ७ म्हणजे प्रो. दुसरा आकडा म्हणजे त्या घराण्यातली कितवी सुधारणा, म्हणजे पहिल्या आकड्यासकट 10, 11, 12 असं वाढत जातं. पुढचे दोन आकडे जगाच्या कुठल्या भागासाठी बनवलाय ते सांगतात, आणि शेवटचं अक्षर डिस्कचं, A म्हणजे ५०० जीबी, B म्हणजे १ टीबी. म्हणजे वरचा B फक्त डिस्क मोठी आहे एवढंच सांगतोय, आणि सुरुवातीचा २ सांगतोय की हा स्लिम.

आता खरा फरक काय? स्लिम २०१६ च्या सप्टेंबरमध्ये आला आणि गेम चालवण्याच्या ताकदीत तो मूळ पीएस फोरच आहे, तेवढीच स्पीड, तेवढेच ग्राफिक्स. फरक चिपच्या आकारात आहे. मूळ चिप २८ नॅनोमीटर पद्धतीने बनायची, स्लिमची १६ नॅनोमीटरची, म्हणजे तेच सर्किट छोट्या जागेत आणि कमी विजेत. वीज कमी म्हणजे उष्णता कमी, उष्णता कमी म्हणजे हीटसिंक छोटा, पॉवर सप्लाय छोटा, आणि म्हणून डबा बारीक. मूळ मॉडेलचा जास्तीत जास्त वीज वापर २५० वॅट लिहिलेला असायचा, स्लिमचा १६५. वायफायही सुधारलं, ५ गिगाहर्ट्झ आलं. पण एक गोष्ट काढून टाकली, ऑप्टिकल ऑडिओचं पोर्ट. घरी जुना साउंडबार त्याच वायरवर चालत असेल तर हे आधीच लक्षात घ्या, नंतर डोक्याला ताप होतो.

प्रोची गोष्टच वेगळी. याचा ग्राफिक्स भाग अक्षरशः दुप्पट आहे, मूळमध्ये ग्राफिक्सची गणितं करणारे १८ कम्प्युट युनिट तर यात ३६. डिझाइन करणाऱ्या मार्क सर्नी यांनी सांगितलं होतं की आधीच्या ग्राफिक्स भागाशेजारी त्याचंच आरशातलं प्रतिबिंब ठेवलं, फुलपाखराच्या पंखांसारखं. मला हे फार आवडतं, कारण यामागे कारण आहे: जुना गेम लावला की एक पंख बंद करायचा आणि स्पीड मूळ पीएस फोरएवढी खाली आणायची, मग जुन्या गेमला कळतच नाही की तो दुसऱ्या मशीनवर चालतोय. म्हणून प्रो घेतला आणि प्रोसाठी अपडेट न झालेला जुना गेम लावला तर सगळी ताकद आपोआप मिळत नाही. २०१७ मध्ये आलेला बूस्ट मोड चालू केला तर अशा गेमला थोडी जास्त स्पीड मिळते. हा पर्याय फक्त प्रोमध्येच असतो, त्यामुळे स्टिकर खरवडलेलं किंवा बॉडी बदललेली असेल तरी मशीन चालू करून Settings मध्ये System खाली Boost Mode दिसतोय का बघा, दिसला तर प्रो.

सगळ्यात कमी बोललं जातं ते मधल्या सुधारणांबद्दल. CUH-1200 बाहेरून जवळपास मूळसारखाच, फक्त वरचा चकचकीत भाग मॅट झाला आणि टच बटणांच्या जागी दाबायची खरी बटणं आली. हे बटणांचं किरकोळ वाटतं पण आधीच्या टचवाल्यांत कधीकधी डिस्क आपोआप बाहेर येते, कारण बटणाच्या खालच्या बाजूचा रबरी पाय फुगून वर दाब देतो. CUH-1200 च्या आतमध्ये मेमरीच्या १६ चिपऐवजी दुप्पट क्षमतेच्या ८ बसवल्या, वीज २३० वॅटवर आली, आणि मुख्य चिप मात्र २८ नॅनोमीटरचीच राहिली.

प्रोमध्येही तसंच. पहिला CUH-7000 जड गेममध्ये पंख्याचा मोठा आवाज करतो, २०१८ चा CUH-7200 बराच शांत आहे, गेमची ताकद दोन्हींची सारखीच. ओळखायचं असेल तर फोटोत पॉवरचं सॉकेट बघा: 7000 आणि 7100 या आधीच्या दोन प्रोंना डेस्कटॉप कॉम्प्युटरसारखी जाड केबल लागते, 7200 ला इंग्रजी आठच्या आकाराची बारीक. विकणारा स्टिकरचा फोटो द्यायला टाळाटाळ करत असेल तर मागच्या बाजूचा एक साधा फोटो मागा, सॉकेट त्यात येतंच.