गरम टायर प्रेशर (ट्रॅक डे)

ट्रॅक डे म्हणजे आपली गाडी रेसच्या ट्रॅकवर पळवायचा दिवस. तिथे जोरात गाडी चालवून पिटमध्ये आल्या आल्या टायरमध्ये जे प्रेशर मोजतात त्याला गरम प्रेशर म्हणतात. ट्रॅकवर टार्गेट याचंच धरतात, सकाळी गार टायरमध्ये भरलेली हवा हा फक्त तिथे पोचायचा अंदाज असतो. रस्त्याच्या टायरवर साधारण 32 ते 36 पीएसआय गरम टार्गेट चालतं, पण गाडीचं वजन आणि टायर बघून ते बदलतं, आणि टायर कंपनीने आकडा दिला असेल तर तोच धरावा.

हिशोबात गेजच्या आकड्यात वातावरणाच्या दाबाचे 14.7 पीएसआय मिळवायचे आणि तापमान केल्विनमध्ये घ्यायचं, नुसत्या गेजच्या आकड्यावर गणित केलं तर ते चुकतं. समजा चारही टायर 25 अंशाला 28 वर भरले. ट्रॅक घड्याळाच्या दिशेने आहे, म्हणजे उजवी वळणं जास्त आणि भार डाव्या टायरवर. पुढच्या डाव्या टायरमधली हवा 80 अंशाला गेली तर गेज 36 च्या आसपास दाखवतो, उजवीकडे 65 अंशच झाले तर 33.7. टार्गेट 34 असेल तर डावीकडची हवा गरम असतानाच सोडायची आणि उजवीकडे हात लावायचा नाही. तोच डावा टायर परत 25 अंशाला आला की 26.4 दाखवतो, म्हणून घरी निघायच्या आधी टायर पूर्ण गार झाल्यावर दारावरच्या स्टिकरप्रमाणे हवा भरून घ्यावीच लागते.

प्रेशर हिशोबापेक्षा जास्त का चढतं यावर जुना वाद आहे. नायट्रोजनमुळे प्रेशर स्थिर राहतं असं बरेच जण म्हणतात, पण कोरडी हवा आणि नायट्रोजन या तापमानाला जवळपास सारखेच फुगतात, त्यामुळे खरा फरक पाण्याचा असावा हे मत जास्त पटतं. कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी काढलेलं नसलं तर ते हवेबरोबर टायरमध्ये जातं. 80 अंशाला पाण्याच्या वाफेचा दाब जवळजवळ 7 पीएसआय होतो, 25 अंशाला तो अर्धा पीएसआयसुद्धा नसतो, आणि 30 लिटरच्या टायरला एवढी वाफ व्हायला 9 मिली पाणी पुरतं. सारख्याच तापमानाला एकच टायर बाकीच्यांपेक्षा 4-5 ने वर गेला तर आधी पाण्याचा संशय घ्यावा.

टार्गेट बरोबर आहे का हे रबरात थर्मामीटरची सुई खुपसून तापमान घेतल्यावर कळतं. मधला पट्टा दोन्ही कडांपेक्षा गरम म्हणजे हवा जास्त, दोन्ही कडा गरम म्हणजे कमी. फक्त आतली कड गरम असेल तर तो बहुतेक कॅम्बरचा, म्हणजे चाक आत-बाहेर किती झुकलंय याचा प्रश्न, हवेचा नाही.

हीट सायकल म्हणजे टायर एकदा पूर्ण तापून परत गार होणं. सेमी-स्लिक, म्हणजे ट्रॅकसाठीचे कमी नक्षीचे टायर पहिल्यांदा हळूहळू तापवून निदान 24 तास तसेच ठेवावेत असा प्रघात आहे, त्यात रबरातले कमकुवत बंध तुटून परत घट्ट जुळतात असं कारण सांगतात. साध्या रस्त्याच्या टायरला याचा कितपत फायदा होतो यावर एकमत नाही. पुढच्या प्रत्येक सायकलला मात्र रबर थोडं कडक होत जातं, म्हणून नक्षी शिल्लक असूनही, प्रेशर टार्गेटवर असूनही गाडी घसरायला लागते.