लॅनार्कशायरचं दूध आणि चिठ्ठ्यांचा वाद: बाह्य चलांच्या नियंत्रणामागची पार्श्वभूमी

प्रयोगातल्या बाह्य चलांना, म्हणजे आपण तपासत नसलो तरी निकाल बदलू शकणाऱ्या गोष्टींना, आवरायचे तीन मार्ग पाठ्यपुस्तकात शेजारी शेजारी छापलेले असतात: घटक स्थिर ठेवणं, समतुल्य जोड्या लावणं आणि यादृच्छिक वाटप, म्हणजे कोण कोणत्या गटात हे चिठ्ठ्यांवर सोडणं. प्रत्यक्षात ते एका वेळी आले नाहीत, आणि बराच काळ त्यांचं आपसात पटतही नव्हतं.

पहिले दोन जुने. 1747 साली एका ब्रिटिश युद्धनौकेवरच्या सर्जनने स्कर्व्हीचे 12 रुग्ण निवडले. ते शक्य तितके सारख्या अवस्थेतले होते, सगळे एकाच जागी झोपत आणि एकच जेवण जेवत. दोघादोघांना एकेक उपाय, असे सहा उपाय त्याने करून पाहिले. संत्री-लिंबू मिळालेले दोघे झपाट्याने सुधारले, हे सर्वांना माहीत आहे. कमी सांगितली जाते ती गोष्ट अशी, की सर्वांत वाईट अवस्थेतल्या दोघांना त्याने समुद्राचं पाणी दिलं आणि हे स्वतःच नोंदवून ठेवलं. म्हणजे रुग्ण सारखे निवडले, जेवण स्थिर ठेवलं, पण कोणाला काय द्यायचं हा निर्णय डॉक्टरच्याच हाती राहिला. वाटपातून माणसाचा हात काढून घ्यायला त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षं लागली. मधल्या काळात, 1880च्या दशकात, बाल्टिमोरमध्ये वजनांमधला फरक ओळखण्याचे प्रयोग झाले. वजन वाढवायचं की कमी करायचं याचा क्रम तिथे पत्ते पिसून ठरवला गेला. ही कल्पना तेव्हा फारशी कोणी उचलली नाही.

1920च्या दशकात ती शेतातून परत आली, पण खरा गुंता दिसला तो शेतात नव्हे, शाळेत.

स्कॉटलंडमधल्या लॅनार्कशायरमध्ये 1930च्या फेब्रुवारी ते जून या काळात 67 शाळांतल्या सुमारे 20,000 मुलांवर दुधाचा प्रयोग झाला. साधारण 5 ते 12 वयाच्या 10,000 मुलांना रोज पाऊण पाइंट, म्हणजे सव्वाचारशे मिलिलिटरच्या आसपास, दूध मिळालं. त्यातल्या निम्म्यांना कच्चं आणि निम्म्यांना पाश्चराइज्ड. उरलेली 10,000 मुलं नियंत्रित गटात होती. सुरुवातीला आणि शेवटी प्रत्येकाची उंची आणि वजन घेतलं. इतका मोठा नमुना असल्यावर बाह्य चलं आपोआप एकमेकांना छेदतील, असा आयोजकांचा भरवसा असावा.

मुलांची निवड काही शाळांत चिठ्ठ्या टाकून झाली, काही शाळांत आडनावांच्या क्रमाने. इथवर ठीक होतं. पण मुख्याध्यापकांना एक मुभा दिली होती: अशा निवडीतून एखाद्या गटात धष्टपुष्ट किंवा कुपोषित मुलं जास्त आली आहेत असं वाटलं, तर काही मुलं बदलून गट सारखे करून घ्यावेत. हेतू चांगलाच होता, जोड्या लावण्याच्या जुन्या कल्पनेतूनच आलेला. माझ्या मते संपूर्ण प्रयोगातली सर्वांत महागडी ओळ ती हीच.

आकडे आले तेव्हा दिसलं, की दूध सुरू होण्याच्या आधीच नियंत्रित गटातली मुलं दूध घेणाऱ्यांपेक्षा सरस होती. वजनात सुमारे तीन महिन्यांच्या वाढीइतकी, उंचीत सुमारे चार महिन्यांच्या वाढीइतकी. दहा-दहा हजारांच्या गटांत इतका फरक नुसत्या योगायोगाने पडत नाही. 1931 साली डब्लिनच्या एका ब्रुअरीत नोकरी करणाऱ्या आणि टोपणनावाने लिहिणाऱ्या एका संख्याशास्त्रज्ञाने या प्रयोगाची चिरफाड केली. त्याचं स्पष्टीकरण सरळ होतं: गरीब घरच्या मुलाला दुधाची गरज जास्त, ही माणुसकीची भावना शिक्षकांच्या हातून नकळत काम करून गेली. गट सारखे करण्यासाठी दिलेल्या मुभेनेच गट असमान झाले.

सुरुवातीचा फरक वजा केला की भागलं, असं कोणी म्हणेल. पण गरिबीबरोबर आणखी एक चल आत शिरलं होतं, ते म्हणजे कपडे. मुलांचं वजन अंगावरच्या कपड्यांसकट केलं होतं, पहिलं फेब्रुवारीत आणि दुसरं जूनमध्ये. समजायला सोपे जावेत म्हणून आकडे मी धरतो, ते त्या प्रयोगातले नाहीत. बऱ्या घरच्या मुलाचे हिवाळ्यातले कपडे दीड किलो आणि उन्हाळ्यातले 700 ग्रॅम, तर त्याचे 800 ग्रॅम नुसते कपड्यांत गेले. गरीब मुलाकडे हिवाळ्यातही धड लोकरीचं काही नाही, त्याचे कपडे एक किलोवरून 700 ग्रॅमवर आले. दोघंही खरोखर 600 ग्रॅमच वाढली असतील, तर काट्यावर पहिला 200 ग्रॅम घटलेला दिसेल आणि दुसरा 300 ग्रॅम वाढलेला. अर्धा किलोचा फरक, आणि त्यात दुधाचा एक थेंब नाही. दोन्ही वेळा एकसारखा हलका पोशाख घालून वजन केलं असतं, तर हा घटक स्थिर राहिला असता. 20,000 मुलांच्या प्रयोगात राहून गेलेली ही गोष्ट अगदी स्वस्त होती.

दुसरी चूक वाटपाच्या एककाची. कोणत्याही एका शाळेत दोन्ही प्रकारचं दूध नव्हतं, एका शाळेला कच्चं तर दुसरीला पाश्चराइज्ड. त्यामुळे कच्चं विरुद्ध पाश्चराइज्ड ही तुलना खरं तर शाळांची, म्हणजे वस्त्यांची तुलना होऊन बसली. तेच आकडे नव्याने तपासून दोघा संख्याशास्त्रज्ञांनी कच्चं दूध सरस ठरवलं, तर मूळ अहवालात दोन्ही दुधांचा परिणाम सारखाच धरला होता. माझ्या मते हा वाद त्या आकड्यांवरून मिटण्यासारखा नव्हताच.

डब्लिनच्या टीकाकाराने सुचवलेला उपाय आजही वाचण्यासारखा आहे. सगळा प्रयोग पुन्हा करायचा तर वय, लिंग, उंची, वजन आणि प्रकृती जुळणाऱ्या मुलांच्या जोड्या लावा, आणि जोडीतल्या कोणाला दूध हे नाणं उडवून ठरवा. त्याहून बरं म्हणजे एकसारख्या जुळ्यांच्या 50 जोड्या घ्या. त्याच्या हिशेबाने त्यांचा निकाल जास्त विश्वासार्ह आला असता, आणि खर्च मूळ प्रयोगाच्या एक-दोन टक्केच. पन्नास जोड्या वीस हजारांना भारी पडतात याची कारणं दोन. एक, जुळ्यांची वाढ एकमेकांशी घट्ट बांधलेली असते. हा सहसंबंध 0.9 धरला, तर जोडीतल्या फरकाचं प्रसरण, म्हणजे विखुरलेपणाचं माप, दोन अनोळखी मुलांमधल्या फरकाच्या एक दशांश होतं, म्हणजे 50 जोड्या 500 साध्या जोड्यांचं काम करतात. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं: संख्या वाढवली की योगायोगाची चूक घटते, पण शिक्षकाच्या निवडीतून आलेला कल तसाच राहतो. वीस हजारांत तो फक्त अधिक ठामपणे चुकीचं उत्तर देतो. जुळ्यांच्या उपायाला मर्यादा आहेच, त्यांच्यावरचा निष्कर्ष सर्व मुलांना कितपत लावायचा हा प्रश्न उरतो.

लक्षात घ्यायला हवं, की नाणं उडवायला सांगणारा हा माणूस शेतात मात्र चिठ्ठ्यांच्या विरोधात होता. 1936-37 मध्ये त्याचा इंग्लंडमधल्या एका शेती संशोधन केंद्रात पूर्वी काम केलेल्या संख्याशास्त्रज्ञाशी जाहीर वाद झाला. बार्लीच्या दोन जाती तपासताना तो पेरणी यंत्राच्या अर्ध्या भागात एक आणि अर्ध्या भागात दुसरी जात भरून शेतात ये-जा करी, त्यामुळे पट्टे क, ख, ख, क असे पडत. जमिनीची सुपीकता एका बाजूने समान वाढत असेल, तर क ला पहिला आणि चौथा पट्टा, ख ला दुसरा आणि तिसरा, दोन्हींची बेरीज पाच. उतार पूर्ण वजा होतो. चिठ्ठ्या टाकल्या तर सहापैकी दोन वेळा क, क, ख, ख किंवा त्याच्या उलट मांडणी निघेल आणि सगळा उतार एका जातीच्या खात्यात जाईल. समोर दिसणारी विषमता डोळे मिटून नशिबावर का सोडायची, हा त्याचा सवाल मला आजही बिनतोड वाटतो.

समोरच्याचं उत्तरही कमी वजनाचं नव्हतं. ठरावीक साच्यात पट्टे टाकले, तर प्रयोगात किती चूक उरली याचा अंदाज त्याच आकड्यांतून प्रामाणिकपणे काढता येत नाही. शिवाय जुन्या नांगरटीच्या सऱ्यांमुळे सुपीकता लाटांसारखी वरखाली होत असेल आणि लाट साच्याशी जुळली, तर सगळी पेरणीच फसते. न दिसणाऱ्या चलांवर इलाज फक्त चिठ्ठ्यांचा. शेवटी व्यवहारात टिकली ती तडजोड: ठाऊक असलेल्या विषमतेप्रमाणे शेताचे ब्लॉक पाडायचे आणि ब्लॉकच्या आत चिठ्ठ्या टाकायच्या. राहुरी किंवा अकोल्याच्या कृषी पदवीधराला ही यादृच्छिक ब्लॉक मांडणी आरबीडी म्हणून पाठ असते. दोघा मराठी कृषी संख्याशास्त्रज्ञांच्या 1954च्या हस्तपुस्तकाने ती देशभरच्या प्रयोगशेतांवर रुजवली.

लहान गटांत तर ब्लॉकशिवाय गत्यंतर नाही. चार मुलगे आणि चार मुली अशा आठ जणांचे चिठ्ठ्यांनी दोन समान गट केले, तर 70 शक्यतांपैकी दोन अशा आहेत की सगळे मुलगे एका गटात आणि सगळ्या मुली दुसऱ्यात जातील. पस्तीसात एकदा, हे काही दुर्मीळ नव्हे.

लॅनार्कशायरच्या मुख्याध्यापकांची गोष्ट वैद्यकाने पुढे गंभीरपणे घेतली. क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनच्या 1948 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत 107 रुग्णांचं वाटप यादृच्छिक अंकांवरून झालं. नुसते अंक वापरून ते थांबले नाहीत. प्रत्येक रुग्णाचा गट बंद पाकिटात ठेवला आणि रुग्ण चाचणीत घेतल्यानंतरच पाकीट उघडलं, म्हणजे पुढचा कोणत्या गटात जाणार हे निवडणाऱ्या डॉक्टरला कळूच नये. एक्स-रे तपासणाऱ्यांनाही गट माहीत नव्हता. सहा महिन्यांत औषध घेणाऱ्या 55 पैकी 4 दगावले, नुसती विश्रांती मिळालेल्या 52 पैकी 14. त्याआधी रुग्ण एकाआड एक वाटण्याची जी पद्धत होती, तिच्यात पुढचा नंबर दवाखान्यात सगळ्यांना ठाऊक असे.

तीच अडचण ब्लॉक पद्धतीत वेगळ्या रूपात परत आली. प्रत्येक चार रुग्णांत दोघांना औषध असा नियम रुग्ण भरती करणाऱ्या केंद्राला माहीत असेल आणि पहिल्या दोघांना औषध मिळालं, तर उरलेले दोघं नियंत्रित गटात जाणार हे उघड आहे. मग दयाळू डॉक्टर आपला अत्यवस्थ रुग्ण एक-दोन दिवस थांबवून ठेवू शकतो. म्हणून आता ब्लॉक कधी चारचा, कधी सहाचा ठेवतात, त्यांचा क्रमही यादृच्छिक असतो, आणि ब्लॉकचा आकार रुग्ण भरती करणाऱ्या केंद्राला सांगत नाहीत.