फोटोतला अननस: पिवळा म्हणजे पिकलेला?

अननस घेताना असा सल्ला ऐकू येतो: "अननसाचं साल पूर्ण पिवळं असेल तरच तो गोड. हिरवा दिसला तर घेऊ नका, किंवा घरी ठेवून पिकवा."

पण सालीचा रंग आणि आतली साखर यांची सांगड पक्की नसते. अननसात केळ्यासारखा स्टार्चचा साठा नसतो, त्यामुळे तोडल्यानंतर त्यात नवी साखर तयार होत नाही. घरी ठेवल्यावर हिरवेपणा जाऊन साल पिवळं होतं, गर थोडा मऊ पडतो, पण गोडी तोडणीच्या वेळी होती तेवढीच राहते. शिवाय इथेफॉन हे फळं पिकवायचं रसायन फवारूनही साल पिवळं करता येतं. उलट, उष्ण आणि दमट हवेत वाढलेलं फळ बाहेरून बरंच हिरवं असूनही आतून तयार असू शकतं.

फोटो बघून अननस घेत असाल तर आधी सालीवरचे डोळे बघा. फळ भरलं की ते रुंद आणि चपटे होतात. टोकदार, उठलेले डोळे बहुधा कोवळ्या फळाचे. पिवळेपणा देठाकडून तुऱ्याकडे चढतो आणि गोडीही देठाकडेच जास्त असते, म्हणून नुसत्या तुऱ्याकडच्या चकतीवरून फळ जोखू नका. उभ्या कापाचा फोटो मागवा, शेजारी पांढरा कागद ठेवायला सांगा. कागदच पिवळसर दिसला तर गराच्या रंगावर विसंबू नका, कारण तो दिव्याचा रंग असेल. पांढुरका, अपारदर्शक गर कच्चा. पिवळा, किंचित पाणीदार गर खाण्याजोगा. सगळा गर काचेसारखा ओलसर दिसला तर फळ उतरायला लागलंय.

आंबूस वास मात्र फोटोत येत नाही. फळ हातात आल्यावर देठाकडची बाजू हुंगून बघाच.