पशुलसींची शीतसाखळी : गोठ्यापर्यंतचा टप्पा

जनावरांची लस औषधसाठ्यातून घेतल्यापासून ती टोचेपर्यंत तिचे तापमान ठरलेल्या मर्यादेत राखण्याच्या व्यवस्थेला शीतसाखळी म्हणतात. बहुतेक पशुलसींसाठी ही मर्यादा २° ते ८° से. असते. प्रस्तुत नोंदीत या साखळीच्या शेवटच्या, म्हणजे पशुपालकाच्या हाती असलेल्या टप्प्याचा विचार केला आहे.

लस उष्णतेने बिघडते तशीच ती गोठल्यानेही बिघडते. मात्र कोणत्या लसीला कशाचे भय अधिक, हे तिच्या घडणीवर अवलंबून असते. शेळ्या-मेंढ्यांचा पीपीआर हा विषाणुजन्य रोग किंवा मेंढ्यांची देवी यांवरील जिवंत, शीतशुष्क म्हणजे गोठवून वाळवलेल्या लसींना गोठण्याने सहसा इजा होत नाही, पण उष्णतेत त्यांतील विषाणू मरत जातात. आंत्रविषार या रोगाच्या तुरटीयुक्त लसीत प्रतिजन, म्हणजे प्रतिकारशक्ती जागवणारा घटक, ॲल्युमिनियमच्या सूक्ष्म कणांना चिकटलेले असते. ती गोठली की बर्फाचे स्फटिक या कणांना एकमेकांवर दाबतात, त्यांच्या गुठळ्या होतात आणि लस वितळवूनही पूर्ववत होत नाही. लाळ्या-खुरकूत लसीचे सामर्थ्य मुख्यतः विषाणूच्या अखंड कणांवर, म्हणजे ‘१४६ एस’ कणांवर, अवलंबून असते. उष्णतेने किंवा आम्लतेने हे कण ‘१२ एस’ तुकड्यांत विखुरतात आणि प्रतिकारशक्ती जागवण्याचा त्यांचा गुण बव्हंशी नाहीसा होतो. वाळवण्याची पद्धत सुधारून उष्णतारोधक लस करता येते, हे बुळकांडीच्या लसीने दाखवून दिले. साधारण १९९० च्या सुमारास सिद्ध झालेली ही लस सुमारे महिनाभर शीतपेटीविना वापरता येई. तिचे यश विषाणूच्या वाणापेक्षा लसीतील ओलावा अत्यल्प ठेवण्याला द्यावे, हे मत अधिक ग्राह्य दिसते. मात्र त्यावरून इतर लसींना अशी सवलत देता येत नाही.

वाहतुकीतील धोका एका उदाहरणाने स्पष्ट होईल. कळपासाठी पीपीआर आणि आंत्रविषार या दोन्ही लसी एकाच पेटीत न्यायच्या आहेत. फ्रीजरमधून नुकतेच काढलेले, दगडासारखे टणक आइसपॅक शून्याच्या बरेच खाली असतात, आणि त्यांना टेकलेली आंत्रविषाराची बाटली वाटेतच गोठू शकते. हे टाळण्यासाठी पॅक काढूनच टाकले, तर पीपीआरची कुपी तापते. यावर उपाय म्हणजे पॅक बाहेर ठेवून त्यांवर पाणी सुटू द्यावे, हलवल्यावर आत बर्फासोबत पाणी डुचमळल्याचे जाणवले की मगच ते पेटीत लावावेत, आणि तुरटीयुक्त लस कागदात किंवा पुठ्ठ्यात गुंडाळून मधोमध ठेवावी. शीतशुष्क लसीचे द्रावकही मिसळण्यापूर्वी थंड केलेले असावे. एकदा मिसळलेली लस सावलीत बर्फावर ठेवून माहितीपत्रकातील मुदतीत, म्हणजे सहसा काही तासांतच, संपवावी लागते.

घरगुती फ्रीजमध्ये लस मधल्या फळीवर, मागच्या भिंतीला न टेकवता ठेवावी. दारातील कप्पा वारंवार तापतो, म्हणून तो लसीसाठी वर्ज्य होय. रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या ठेवल्यास वीज गेल्यावर थंडावा अधिक काळ टिकतो.

गोठून बिघडलेली तुरटीयुक्त लस ओळखण्यासाठी हलवणी चाचणी वापरतात. त्याच उत्पादकाची, त्याच तुकडीची आणि तेवढ्याच मापाची एक बाटली मुद्दाम पूर्ण गोठवून वितळवतात. ती आणि संशयित बाटली एकत्र हलवून शेजारी-शेजारी उभ्या ठेवतात. गोठवलेल्या बाटलीत साका लवकर खाली बसतो आणि वरचा द्रव नितळ होत जातो. सुमारे अर्ध्या तासात संशयित बाटलीतील साका त्याच वेगाने किंवा अधिक वेगाने बसला, तर ती लस टाकून द्यावी. अर्धी वापरलेली बाटली भरलेल्या बाटलीशी ताडून पाहिल्यास निष्कर्ष चुकतो. ही चाचणी मानवी लसींच्या वापरात रूढ झाली आणि तेथे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ती विश्वसनीय ठरली. काही जण ती सर्वच निष्क्रिय पशुलसींना लावतात. परंतु तिचा आधार तुरटीच्या कणांची गुठळी हाच असल्याने तिला तुरटीयुक्त लसींपुरतेच मर्यादित ठेवणे युक्त वाटते. तैलयुक्त लसीत निराळे लक्षण पाहावे लागते : वर तेलाचा पातळ थर येऊन तो हलवल्यावर मिसळून गेला, तर ती बहुधा वापरण्याजोगी असते, हलवूनही पाणी आणि तेल वेगळेच राहिले, तर ती फुटलेली समजावी.

शीतशुष्क लसीची वडी आक्रसलेली, चिकट किंवा रंग बदललेली दिसली, तर ओलावा आत शिरल्याचा संशय घ्यावा. निर्वात कुपीत सुई टोचताच द्रावक आपोआप ओढले जाते. तसे न झाल्यास कुपी वापरू नये. उष्णतेने मात्र वडीचे रूप अनेकदा जराही बदलत नाही, आणि अशी मेलेली लस चांगल्या लसीसारखीच विरघळते. म्हणून तिचा निर्णय कुपीकडे पाहून करता येत नाही. पेटीतील आणि फ्रीजमधील किमान-कमाल तापमानाची रोज सकाळ-संध्याकाळ लिहिलेली नोंद पाहून तो करावा लागतो. संशयित कुपी पुन्हा थंड केल्याने तिचे गेलेले सामर्थ्य परत येत नाही. तिच्यावर खूण करून ती वेगळी ठेवावी आणि पशुवैद्यकाकडे द्यावी.