सतराव्या वर्षीची सही आणि अठरावा वाढदिवस

“अठरा पूर्ण झाल्यावर मुलाने दोन हप्ते भरले, म्हणजे आधीचा करार पक्का झाला ना?”

नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार अज्ञान, म्हणजे अठरा वर्षे पूर्ण न झालेली, व्यक्ती करार करण्यास सक्षमच नसते, आणि १९०३ साली प्रिव्ही कौन्सिल या तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने मोहरीबीबी खटल्यात असा करार मुळातच शून्य ठरवला. जे कधी अस्तित्वातच आले नाही, त्याला मागाहून मान्यता देता येत नाही.

समजा, म्हापशातील एक मुलगा १२ मार्च २००७ रोजी रात्री अकरा वाजता जन्मला आणि ११ मार्च २०२५ च्या संध्याकाळी त्याने हप्त्यांवर स्कूटर घेण्याच्या कागदावर सही केली. त्या कागदाच्या आधारे विक्रेत्याला उरलेले हप्ते मागता येणार नाहीत. फार तर न्यायालय मुलाला स्कूटर परत करायला सांगू शकते. तीच सही १२ तारखेच्या सकाळी झाली असती तर त्याला बांधली असती, कारण सज्ञानता जन्मवेळेवर नव्हे, तर अठराव्या वाढदिवसाचा दिवस उजाडण्याआधीच, मध्यरात्री बारापासून, मोजली जाते. विक्रेत्याने जुन्या कागदावर पुन्हा सही घेण्याऐवजी नव्या मोबदल्याचा नवा करार करावा.

उलट, अज्ञान मुलाने स्वतःचे पैसे गहाणावर उसने दिले असतील, तर तो ते वसूल करू शकतो. कायद्याचे संरक्षण त्याच्यासाठी आहे, त्याच्या कर्जदारासाठी नाही.