एक मुकादम, सव्वीस बाया आणि १०८० नाती

बी.कॉम.च्या व्यवस्थापन तत्त्वांच्या उत्तरपत्रिका तपासताना एक वाक्य मला दर वर्षी भेटतं: ‘एका अधिकाऱ्याच्या हाताखाली सहाच माणसं असावीत.’ गाइडमधून उतरलेलं असतं. कुठल्या कामासाठी सहा, सातव्या माणसाने काय बिघडतं, याबद्दल पुढे अक्षर नाही. यंदा डिचोलीजवळच्या एका काजू कारखान्यात विद्यार्थ्यांना घेऊन गेलो, त्याचं खरं कारण हे वाक्य.

बिया फोडायच्या, म्हणजे फोडणीच्या, शेडमध्ये शिरलो तर पायाने चालवायच्या यंत्रांवर सव्वीस बाया बसलेल्या आणि त्यांच्यावर एकच मुकादम. तोही एका खांबाला टेकून चहा पीत होता. वरच्या केबिनमध्ये पात्रांव, म्हणजे कारखान्याचे मालक. त्यांच्या हाताखाली फक्त आठ जण: खरेदी, बॉयलर, फोडणी, बोरमा, सोलणी, प्रतवारी, पॅकिंग आणि हिशेब. आम्ही बसलो त्या अर्ध्या तासात त्यांचा फोन अकरा वेळा वाजला. एका मुलीने बाहेर आल्यावर विचारलं, “सर, सव्वीसवाला निवांत आणि आठवाला घामाघूम, हे कसं?”

एका वरिष्ठाने थेट किती माणसं सांभाळावीत याला नियंत्रण कक्षा म्हणतात. तिचं सगळं मर्म या प्रश्नात आहे, आणि उत्तराची सुरुवात १९३३ सालच्या एका छोट्या निबंधातून होते. व्ही. ए. ग्रेक्युनास हा लिथुआनियन वंशाचा व्यवस्थापन सल्लागार. त्याचं म्हणणं असं की वरिष्ठाला माणसं सांभाळावी लागत नाहीत, नाती सांभाळावी लागतात. आणि माणसं एकेकाने वाढली तरी नाती एकेकाने वाढत नाहीत.

समजा पात्रांवांच्या हाताखाली दोघेच आहेत, बॉयलरवाला आणि फोडणीवाला. दोघांशी वेगवेगळं बोलणं, ही दोन सरळ नाती. बॉयलरवाल्याला फोडणीवाल्यासमोर काही सांगणं ही वेगळी गोष्ट, आणि फोडणीवाल्याला बॉयलरवाल्यासमोर सांगणं आणखी वेगळी. ज्याला चारचौघांत बोलणी बसली आहेत त्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. ही दोन गटातली नाती. शिवाय ते दोघे आपसांत बोलणार, ‘बी नीट वाफवली नाही’ असं हा त्याला म्हणणार आणि ‘तुझी पातीच बोथट’ असं तो याला. ही दोन आडवी नाती. माणसं दोन, नाती सहा.

n माणसांसाठी त्याचं सूत्र असं:

n(2ⁿ⁻¹ + n − 1)

आता n च्या जागी आठ घाला. सरळ नाती ८. आडवी नाती ८ × ७ म्हणजे ५६. गटातली नाती मात्र १०१६, कारण प्रत्येक माणसाशी बोलताना उरलेल्या सातांपैकी कोण कोण समोर आहे याच्या १२७ तऱ्हा होतात. बेरीज १०८०. उद्या पात्रांवांनी नववा माणूस, समजा ऑनलाइन विक्रीसाठी, थेट आपल्या हाताखाली घेतला तर हा आकडा २३७६ वर जातो. माणूस एक वाढला, नाती १२९६ वाढली. (सूत्र बघून ज्यांना दहावीची बीजगणिताची वही आठवली, त्यांनी नुसते आकडे लक्षात ठेवले तरी पुरे.)

मग मुकादमाचं काय? सव्वीस घालून बघितलं तर सूत्र सत्त्याऐंशी कोटींहून जास्त नाती सांगतं आणि मुकादम तर चहा पितोय! इथे सूत्राची मर्यादा कळते. ते शक्य असलेली नाती मोजतं. त्यांतली रोज किती जागी होतात हे त्याला ठाऊक नाही. फोडणीत प्रत्येक बाईचं काम सारखं आहे, शेजारणीवाचून तिचं अडत नाही आणि संध्याकाळी तिचे गर वजनाला लागले की काम कसं झालं ते तिथेच दिसतं. आडवी नाती जवळपास शून्य. वर केबिनमध्ये उलट आहे. खरेदीत ओली बी आली तर बोरम्याचं वेळापत्रक कोलमडतं. बोरमा म्हणजे गर सुकवायची भट्टी. साधारण ७० अंश सेल्सिअसला सहा ते आठ तास. कमी सुकलं तर साल सुटत नाही, जास्त सुकलं तर सोलताना गर तुटतो आणि अख्ख्या मालाचा तुकडा होतो. म्हणजे खरेदी, बोरमा, सोलणी आणि प्रतवारी एकमेकांत अडकलेली. लिंडल उर्विक या ब्रिटिश अभ्यासकाने पाच-सहाची मर्यादा सांगितली तेव्हा ‘ज्यांची कामं एकमेकांत गुंतलेली आहेत असे’ ही अट घातली होती. गाइडवाल्यांनी आकडा ठेवला, अट गाळली.

पात्रांवांनी या त्रासावर आधी एक इलाज करून पाहिला होता. वास्तुवाल्याच्या सांगण्यावरून खुर्ची उत्तरेकडे तोंड करून ठेवली. फोन उत्तरेकडे तोंड करूनही तितकाच वाजतो.

विद्यार्थ्यांना मी फळ्यावर दुसरा इलाज मांडायला लावला. बॉयलर, फोडणी, बोरमा, सोलणी आणि प्रतवारी या पाचांवर एक उत्पादन व्यवस्थापक नेमा. त्याच्याकडे १०० नाती. पात्रांवांकडे उरले चौघे, व्यवस्थापक, खरेदी, पॅकिंग आणि हिशेब. त्यांची नाती ४४. एक हजार ऐंशीच्या जागी एकशे चव्वेचाळीस. फुकट मात्र काही नाही. एक पगार वाढला, एक पायरी वाढली, आणि ओल्या बीची खबर आता खरेदीवाल्याकडून पात्रांव, तिथून व्यवस्थापक, मग बोरमा अशी फिरणार. तोवर भट्टी पेटलेली असते. हेन्री फेयॉल या फ्रेंच खाण अभियंत्याने १९१६ मध्ये याला उपाय सांगितला होता: दोन्हीकडच्या वरिष्ठांची संमती असेल तर खालच्या दोघांनी थेट बोलावं आणि काय ठरलं ते वर कळवावं. त्याने त्याला फळीची उपमा दिली. आपण साकव म्हणू या. ओहोळापलीकडच्या घरी जायला कुणी हमरस्त्याचा वळसा घालत नाही.

आता अधिकारप्रदान, म्हणजे आपला निर्णयाचा अधिकार हाताखालच्या माणसाला देणं. पात्रांवांचा खरेदीवाला एप्रिलमध्ये वाळपईच्या बाजूला फिरतो. फोन यायचा तो असा: “पात्रांव, पंचावन पोती आहेत, शेतकरी तीन रुपये जास्त मागतोय. घेऊ?” पात्रांव विचार करून उलटा फोन करेपर्यंत माल दुसऱ्या व्यापाऱ्याच्या टेम्पोत चढलेला असायचा. खरेदीची जबाबदारी त्याची, ‘हो’ म्हणायचा अधिकार मात्र केबिनमध्ये. पुस्तकात अधिकार आणि जबाबदारी यांचा समतोल म्हणतात तो इथे मोडलेला होता. या हंगामात त्याला कागदावर लिहून दिलं: दिवसाच्या दरावर किलोमागे चार रुपयांपर्यंत आणि शंभर पोत्यांपर्यंत विचारायचं नाही, पण नमुन्याची बी कापून बघायची आणि खराब किती निघाली ते वहीत लिहायचं.

मे महिन्यातल्या वळिवानंतर त्याने चाळीस पोती घेतली. नमुना वरवरच्या पोत्यांतला होता. खालची पोती आतून भिजलेली निघाली, बुरशी धरली. पात्रांव चिडले आणि त्यांनी दोन दिवस सगळे अधिकार परत काढून घेतले. अधिकार देता येतो तसा परतही घेता येतो, त्यामुळे नियमात हे बसतं. पण बँकेने हप्ता मागितला तो पात्रांवांकडे, खरेदीवाल्याकडे नाही. दिलेल्या अधिकाराबरोबर वरिष्ठाचं उत्तरदायित्व खाली उतरत नाही. तिसऱ्या दिवशी कागद परत दिला, एक ओळ वाढवून: नमुना खालच्या थरातल्या पोत्यांतूनही काढायचा.

प्रतवारीच्या टेबलावर मात्र त्यांनी कुणालाही सूट दिलेली नाही. ३२० नंबरचा काजू म्हणजे एका पौंडात ३०० ते ३२० गर. तिथल्या मुलीने २४० नंबरच्या पेटीत थोडे बारीक गर सरकवले तर त्या दिवसाचा हिशेब बरा दिसेल, पण कारखान्याचं नाव सगळ्या पेट्यांवर आहे. खरेदीतली चूक चाळीस पोत्यांपुरती राहते. ही मुंबईच्या व्यापाऱ्यापर्यंत जाते. त्यामुळे एकाच कारखान्यात खरेदी विकेंद्रित आणि प्रतवारी केंद्रित आहे. आम्ही निघालो तेव्हा पात्रांव स्वतः तिथे उभे राहून तराजूत गर मोजत होते. फोन केबिनमध्ये राहिला होता.